खाली वळवलेला बाण

१७ फेब्रुवारी. सकाळचे साडेआठ, हातात ओलं फडकं आणि पुढ्यात औषधशास्त्र विभागाच्या बाहेर टांगलेला सहा फुटी फ्लेक्स. अकरा वाजता निवड समिती येणार होती, म्हणून आम्ही सगळेच पुसापुशीला लागलो होतो. शिपाई मावशी वर्गातली बाकं पुसत होत्या. तक्ते माझ्याकडे होते.

फ्लेक्सचा विषय ‘ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर आणि रोगप्रतिकारक पेशी’. खाली लाल अक्षरात आमच्या विभागप्रमुखाचं नाव. समोर असताना मी त्याला सोळा वर्षं ‘सर’ म्हटलं. इथे ‘तो’ म्हणणार आहे.

हा तक्ता मुळात मी काढलेला. एका दिवाळीच्या सुट्टीत, ड्रॉइंग शीटवर, पोस्टर कलरने. पेशीचं आवरण, आतला द्रव, मधोमध केंद्रक, डाव्या कोपऱ्यात आत शिरणारं प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड आणि उजवीकडे रक्तपेशींची यादी, प्रत्येकीपुढे एक बाण. त्या वर्षी कॉलेजची तपासणी होती. तपासणीच्या आदल्या आठवड्यात त्याने माझ्या शीटची खालची पट्टी कापली, बाकीच्याचा फोटो काढला आणि रबाळ्याहून फ्लेक्स छापून आणला. कापलेल्या पट्टीवर माझं नाव होतं. स्टाफरूममध्ये मी विचारलं तेव्हा तो चहाचा कप न ठेवता म्हणाला, “मॅडम, रिसेप्टर म्हणजे काय तुमच्या वडिलांचं मिठागर आहे का?”

सगळे हसले. काही जण मोठ्याने, काही जण कपात बघून.

माझ्या वडिलांचं मिठागर नव्हतं. ते दुसऱ्याच्या मिठागरात मीठ ओढायचे. तळव्यांना भेगा पडायच्या आणि त्यात खारं पाणी जायचं. आमच्या गावावर शहर बसलं तेव्हा तेही काम गेलं. हे त्याला माहीत होतं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच त्याला सांगितलं होतं, चांगला माणूस समजून.

त्या दिवसापासून मी वाट बघत होते. रडले नाही, तक्रार केली नाही. वाट बघितली.

निवड प्राध्यापकपदाची होती. जागा एक, उमेदवार दोन: तो आणि मी. त्याचा प्रमुखपदाचा कार्यभार तात्पुरता होता. ज्याला पद मिळेल त्याच्याकडे विभाग कायमचा जाणार होता. मुलाखतीआधी दोघांनी तिसऱ्या वर्षाच्या वर्गासमोर अर्धा अर्धा तास शिकवून दाखवायचं होतं आणि मागच्या बाकावर समिती बसणार होती. विषय आठ दिवस आधी लिहून द्यायचा. माझा अर्ज प्रथेप्रमाणे त्याच्या सहीने वर गेला. त्यावर मी हाच विषय लिहिला होता. त्यानंतर त्याने स्वतःच्या अर्जातही हाच लिहिला. ज्येष्ठ म्हणून त्याचा तास पहिला. त्याने सगळं आधी सांगितलं की दुपारी तेच सांगताना मी नक्कल करणारी ठरणार, हा हिशेब मला आठवडाभरापूर्वीच कळला होता. विषय बदलायची मुदत संपली होती.

तक्ता पुसून झाल्यावर मी कपाटातून माझी फाइल काढायला गेले. निळी प्लॅस्टिकची फाइल, त्यात या धड्याच्या हाताने काढलेल्या आकृत्या. फाइल नव्हती.

“सरांनी नेली ना,” मावशी म्हणाल्या. “शुक्रवारी. झेरॉक्सला म्हणाले.”

मी खुर्चीवर बसले. आधी राग आला. मग त्या फाइलीत नेमकं काय आहे ते आठवलं, आणि राग एकदम थंड झाला.

हे समजायला माझी शिकवायची पद्धत सांगायला हवी. मी प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम काढते. एकच. तास संपेपर्यंत ती शोधायची. सापडली की हात वर करायचा आणि म्हणायचं, ‘भेटली.’ मी लगेच कबूल होत नाही. ‘कसली चूक? माझी चूक होत नाही,’ असं तोंड वाकडं करून म्हणते. मुलाने कारणासकट पटवून दिलं तरच मान्य करते. या एका खेळामुळे शेवटच्या बाकावरचा मुलगाही फोन खाली ठेवून फळ्याकडे बघतो. दोन वर्षं हा वर्ग माझ्याकडे होता. चूक शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

फाइलमधल्या आकृत्या त्या चुकांसकट काढलेल्या आहेत. चुकीवर खूण नाही, कारण मला खुणेची गरज नाही.

या धड्याच्या शेवटच्या पानावर रक्तातल्या पेशींचा तक्ता आहे. लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मोनोसाइट, न्यूट्रोफिल. प्रत्येकापुढे एक बाण. स्टिरॉइड दिल्यावर रक्तातल्या पहिल्या तिन्हींची संख्या घटते. न्यूट्रोफिलची मात्र वाढते. माझ्या पानावर चारही बाण खाली आहेत. चौथा ही माझी चूक. फ्लेक्सवर तो बाण बरोबर, वरच आहे. पण भिंतीवर स्वतःच्या नावाच्या पाटीसारखं लटकणारं चित्र माणूस कधी वाचतो का? त्याचं काम जडीबुटीच्या अर्कांवर, आणि गेली काही वर्षं तेही नाही. प्रवेश, तपासण्या आणि सह्या. स्टिरॉइड रोगप्रतिकारशक्ती दाबतं, म्हणजे सगळ्याच पेशी कमी होत असणार, असं त्याला वाटणं अगदी शक्य होतं. ती चूक मी निवडली होती ती त्याच कारणासाठी. अर्धवट समजलेला माणूस तिथेच पाय घसरून पडतो.

मी त्याच्या केबिनशी गेले. दार उघडं होतं. तो कागदावर काहीतरी उतरवत होता आणि निळ्या प्लॅस्टिकचा कोपरा त्याच्या कोपराखालून दिसत होता.

“सर, माझी फाइल पाहिलीत का? निळी?”

“नाही बुवा,” तो म्हणाला. “तुम्ही वस्तू नीट ठेवत जा मॅडम.”

मी दारात उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ‘त्यात चौथा बाण उलटा आहे.’ मी ते वाक्य तोंडात धरलं, त्याच्या कोपराकडे पाहिलं आणि गिळलं.

“बरं,” म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

समितीत तिघं होते. आमचे प्राचार्य, विद्यापीठाचे एक प्रतिनिधी, जे पूर्ण वेळ घड्याळ बघत होते, आणि बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून आलेल्या एक निवृत्त प्राध्यापिका. पांढरे आखूड केस, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. चहा नको म्हणाल्या, बिस्किटं नको म्हणाल्या, सरळ मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मला नियमाप्रमाणे वर्गाबाहेर थांबायचं होतं. मागच्या दाराच्या काचेतून फळा दिसत होता आणि आवाज स्वच्छ येत होता.

तो चांगला बोलला. हे लिहायला हवं, कारण पहिली वीस मिनिटं माझी होती. ग्लुकोकॉर्टिकॉइड हे चरबीत विरघळणारं, म्हणून पेशीचं आवरण सहज पार करतं. त्याचा रिसेप्टर आवरणावर नसतो, आतल्या द्रवात असतो. तिथे तो एचएसपी-९० नावाच्या प्रथिनाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या आधाराने बसलेला असतो, अशा घडीत की हार्मोन आलं तर लगेच पकडता यावं, पण तोवर केंद्रकात पळून जाऊ नये. हार्मोन बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, सांभाळणाऱ्यांची पकड बदलते आणि तो केंद्रकात जातो. तिथे दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवरच्या ठरलेल्या जागी बसतात आणि काही जनुकं चालू करतात.

कोणती, तेही त्याने माझ्याच क्रमाने सांगितलं. अ‍ॅनेक्सिन-१, जे फॉस्फोलायपेझ ए-२ला आवर घालतं, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन यांचा कच्चा मालच सुटत नाही. आयकॅपाबी, जे दाह पेटवणाऱ्या एनएफ-कॅपाबीला केंद्रकाबाहेर धरून ठेवतं. आणि त्याच चालू होण्याच्या वाटेवर यकृतात साखर बनवणाऱ्या एन्झाइमची जनुकं, म्हणून दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर वाढते. “पहिल्या गोळीला गुण का येत नाही?” त्याने विचारलं. “जनुक वाचायचं, प्रथिन बनायचं, तासांचा मामला आहे. मिस्त्री बोलावला म्हणून भिंत लगेच उभी राहत नाही.” मिस्त्रीही माझाच. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी हा मिस्त्री ऐकला होता.

मला वाटतं तिथेच त्यांचा गैरसमज झाला. आकृत्या मॅडमच्या, दाखले मॅडमचे. म्हणजे सर आज मॅडमचा खेळही खेळणार. सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी काचेतून बघत होते. तीस-चाळीस डोळे फळ्यावरचा एकेक बाण तपासत होते.

त्याने पेशींचा तक्ता काढला. लिम्फोसाइट खाली, इओसिनोफिल खाली, मोनोसाइट खाली. न्यूट्रोफिल लिहिलं, आणि ठसठशीत बाण काढला. खाली.

चौदा हात वर गेले. मी मोजले.

“काय आहे?” तो म्हणाला.

“सर, भेटली,” पहिल्या बाकावरची उरणची मुलगी म्हणाली.

“काय भेटली?”

“चूक, सर.”

“कसली चूक? माझी चूक होत नाही.”

वर्ग खदखदून हसला. शब्दन् शब्द माझा होता आणि तो खरोखर मनापासून बोलत होता. मागून कोणीतरी म्हणालं, “सर भारी अ‍ॅक्टिंग करतात.” त्याचे कान लाल झाले. गप्प बसा म्हणून डस्टर टेबलावर आपटला. मुलं आणखी हसली. मी असं कधी केलं नव्हतं, नवीन भर त्यांना आवडली.

“बोलू द्या तिला,” मागून समितीतल्या त्या बाई म्हणाल्या.

मुलगी उभी राहिली. म्हणाली, न्यूट्रोफिलचा बाण वर हवा. निम्मे न्यूट्रोफिल एरवी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात. स्टिरॉइडने तो चिकटपणा जातो, ते प्रवाहात येतात. अस्थिमज्जेतूनही जास्त सुटतात, आणि त्यांचं मरण लांबतं. म्हणून रक्तात आकडा वाढतो. पण दाह आहे तिथे ते पोचत नाहीत, कारण भिंत पार करण्यासाठी आधी चिकटावं लागतं. “सारसोळ्याच्या जेटीला बांधलेल्या होड्यांसारखं, सर. दोर सुटले की खाडीत होड्या जास्त दिसतात. पण काठाला एकही लागत नाही.”

होड्याही माझ्या. त्या फाइलमध्ये नव्हत्या. त्या मी तोंडी सांगते.

अजून वेळ होती. ‘शाबास, हीच चूक मुद्दाम केली होती’ एवढं म्हणाला असता तर सुटला असता, वर वाहवा मिळाली असती. पण मुद्दाम चूक करता येते हेच त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, “इम्युनिटी सप्रेस होते म्हणजे पेशी कमीच होणार. बेसिक आहे. खाली बस.”

ती बसली. वर्गातलं हसू हळूहळू थांबलं. मुलांना कळायला लागलं होतं की हा खेळ नाही.

बाईंनी विचारलं, “सर, एक साधं. एका पेशंटला दम्याचा झटका आला, दोन दिवस प्रेडनिसोलोन दिलं. श्वास सुधारलाय. ताप नाही. रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल वाढलेले, पण संसर्गात दिसतात त्या कच्च्या पेशी दिसत नाहीत. काय म्हणाल?”

“इन्फेक्शन,” तो म्हणाला. “अँटिबायोटिक लगेच सुरू.”

“नुसत्या आकड्यावर?”

“आकडा वाढलाय ना मॅडम.”

“तुमच्या फळ्याप्रमाणे तो घटायला हवा होता. औषधानेही वाढतो हे धरलंच नाहीत, तर दर वेळी अँटिबायोटिकच द्याल,” बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. फार लिहिलं नाही. दोनच ओळी.

तो बाहेर आला तेव्हा मी दाराशीच होते. माझ्याकडे न बघता गेला. मी बाजूला झाले नाही. त्यालाच वळसा घालावा लागला.

दुपारी माझा तास झाला. तोच विषय, फाइलीशिवाय. मी जनुकं बंद होण्याच्या बाजूने गेले, जी त्याने दोन वाक्यांत उरकली होती. रिसेप्टर दरवेळी डीएनएवर बसतोच असं नाही. एनएफ-कॅपाबी किंवा एपी-१ आधीच तिथे बसून इंटरल्युकिन, टीएनएफ, कॉक्स-२ यांची जनुकं वाजवत असतात. रिसेप्टर येऊन त्यांनाच चिकटतो, सोबत असं एन्झाइम आणतो जे डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढतं, आणि उलगडलेला डीएनए पुन्हा आवळला जातो. जनुक गप्प. मॅक्रोफेजचा आरडाओरडा थांबतो, टी-पेशींना वाढायची हाक मिळत नाही. मी चिकटणारा रिसेप्टर जोडीने काढला. सातव्या मिनिटाला खिडकीकडचा मुलगा म्हणाला, “भेटली. इथे एकटाच पाहिजे, मॅम. जोडी डीएनएवर बसताना.” मी तोंड वाकडं करून म्हटलं, माझी चूक होत नाही. मागे बाई हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. शेवटी मी हेही सांगितलं की एकटा आणि जोडी ही वाटणी पुस्तकात दिसते तेवढी स्वच्छ नाही. जोडीही दाह कमी करते, आणि दाह कमी करायचा पण साखर वाढवायची नाही असं औषध शोधणारे त्यामुळेच अडकलेत.

मुलाखतीत बाईंनी औषधशास्त्राचं काही विचारलं नाही.

“सरांच्या आकृत्या तुमच्या होत्या?”

“हो.”

“त्यात चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि त्यांच्याकडे त्या आहेत हे?”

“सकाळी कळलं.”

“मग सांगितलं का नाही?”

“मी विचारलं होतं. ते म्हणाले फाइल पाहिली नाही. न पाहिलेल्या फाइलीतली चूक त्यांना कशी सांगणार?”

प्राचार्य खाकरले. बाईंनी माझा अर्ज मिटून ठेवला. म्हणाल्या, “तुम्ही शिकवता उत्तम. पण विभाग तुमच्या हाती द्यायचा तर मला जरा भीती वाटते.”

मी म्हटलं, वाटत असेल तर तसं लिहा. त्यांनी लिहिलं असावं. पाच वाजता प्राचार्यांनी दोघांना बोलावून सांगितलं की समितीला कोणीच योग्य वाटलं नाही, जागा पुन्हा जाहीर होईल. त्याच्याकडचा प्रमुखपदाचा कार्यभारही तोवर प्राचार्य स्वतःकडे घेणार.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. त्या जागेसाठी मी सोळा वर्षं दिली होती. पण मला न मिळाल्याचं दुःख त्याला न मिळाल्याच्या आनंदापेक्षा लहान निघालं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, म्हणून सांगते.

संध्याकाळी भाजी निवडताना आईला सगळं सांगितलं. रिसेप्टर तिला कळला नाही, बाकी सगळं कळलं. मेथीच्या काड्या मोडत तिने एवढंच विचारलं, “तुज्या बापाचा नाव काडनारा तोच ना?”

“तोच.”

“मंग बरा केलास,” ती म्हणाली आणि पुढची जुडी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावणेआठला कॉलेजात पोचले. निळी फाइल माझ्या टेबलावर होती, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. ती कपाटात ठेवून कुलूप घातलं. मग प्रयोगशाळेतला काळा परमनंट मार्कर घेतला, स्टूल घेतलं आणि फ्लेक्ससमोर गेले. आधी वाटलं, खालचं त्याचं नाव खोडावं आणि माझं लिहावं. स्टुलावर चढल्यावर विचार बदलला. नावाला हात लावला नाही. न्यूट्रोफिलपुढचा वर जाणारा बाण पांढऱ्या चिकटपट्टीने झाकला आणि त्यावर नवा काढला, ठसठशीत, खाली.

आठ वाजता तिसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग बाहेर आणून तक्त्यासमोर उभा केला.

“यात एक चूक आहे,” मी सांगितलं. “शोधा. आणि शोधताना खालचं नावही वाचा.”